सात टक्क्यांचे चाळीस टक्के

महोदय,

‘ऑड्स रेशो म्हणजे किती पट शक्यता’ हे वाक्य कालच्या आरोग्य पुरवणीत चौकटीत, ठळक टाइपात छापलेत. चूक निदान शोधावी लागली नाही, याबद्दल आभार.

दाखला म्हणून लेखकाने १९९९ चा तो अमेरिकी अभ्यास घेतला आहे: हृदयाच्या कॅथेटरायझेशनसाठी, म्हणजे रक्तवाहिनीतून नळी घालून करायच्या तपासणीसाठी, कृष्णवर्णीय रुग्णांची शिफारस होण्याची शक्यता म्हणे ४० टक्के कमी. पण त्या अभ्यासातलेच आकडे चार घरांच्या तक्त्यात मांडून पाहा. हजारी हिशेब धरला तर गोऱ्या रुग्णांपैकी ९०६ जणांची शिफारस झाली, ९४ जणांची नाही. कृष्णवर्णीयांपैकी ८४७ जणांची झाली, १५३ जणांची नाही. रिलेटिव्ह रिस्क म्हणजे दोन गटांतल्या शक्यतांचे गुणोत्तर; प्रत्येक गटाची शक्यता काढताना ओळीच्या बेरजेने भागायचे असते. म्हणजे ८४.७ भागिले ९०.६, उत्तर ०.९३. शक्यता कमी झाली ती सात टक्क्यांनी! ऑड्स काढताना मात्र ‘झाली’ला ‘नाही झाली’ने भागतात. एकीकडे ९.६, दुसरीकडे ५.५, त्यांचे गुणोत्तर सुमारे ०.६. लेखकाचे ४० टक्के आले ते इथून. मोजायची घटना विरळ असेल, हजारात पाच-सहा वगैरे, तर दोन्ही उत्तरे जवळजवळ सारखीच येतात, म्हणून ही गल्लत खपून जाते. इथे ती घटना दहातल्या नऊ जणांच्या बाबतीत घडते आहे.

भेदभाव नव्हता, असे मी म्हणत नाही. उलट शिफारस न झालेल्यांचा रकाना घ्या: १५.३ विरुद्ध ९.४, म्हणजे दीडपटीहून जास्त. हेही त्याच तक्त्यात आहे आणि ते सांगितले असते तर लेख अधिक धारदार झाला असता. चारही आकडे छापायला जागा किती लागते?

गेल्या वर्षी याच विषयावरचे माझे पत्र आपण छापलेत, तेही तक्ता गाळून. उरलेल्या मजकुरात ‘वरील तक्त्यावरून दिसेल’ हे वाक्य तेवढे शाबूत ठेवलेत. वर होती ती नाट्यगृहाची जाहिरात.

ऑड्स रेशो टाकाऊ आहे, असाही माझा दावा नाही. आधी रुग्ण गोळा करून मग त्यांच्या जोडीला निरोगी माणसे निवडतात त्या केस-कंट्रोल अभ्यासात निरोगी किती घ्यायचे हे संशोधकच ठरवतो. तिथे ओळीच्या बेरजेला अर्थ उरत नाही. निरोगी दुप्पट घेतले की ‘जोखीम’ बदलते, ऑड्स रेशो बदलत नाही. म्हणून तिथे तोच वापरतात. लेखात याचा उल्लेखही नाही.

तो मूळ अभ्यास छापणाऱ्या नियतकालिकाच्या संपादकांनी, सारांशात ऑड्स रेशो येऊ द्यायला नको होता, हे त्याच वर्षी छापून मान्य केले. आपल्याकडून खुलाशाची अपेक्षा आहे, आणि जमल्यास पुरवणीतल्या तक्त्यांमागचा तो गर्द जांभळा रंग काढावा. काळी अक्षरे त्यावर वाचता येत नाहीत.

आपला,
एक जुना वर्गणीदार