चार वेळा ‘पेमेंट अयशस्वी’, आणि चारही वेळा मजकूर तोच

मा. संपादक,

सविनय नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांच्या सदरात एका वर्गणीदाराची तक्रार प्रसिद्ध झाली. एका ऑनलाइन सेवेने पंधरवड्यात चार वेळा आपल्या कार्डावर ‘हात मारून पाहिला’ आणि शेवटी आपणहून सेवा बंद करून टाकली, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचा संताप मला समजतो; पण कंपनी लबाडीने पुन्हा पुन्हा पैसे उकळू पाहत होती, हा त्यांनी काढलेला निष्कर्ष मला पटला नाही. अशाच एका सेवेच्या बिलिंग विभागात मी बरीच वर्षे नोकरी केली आहे आणि नाकारल्या गेलेल्या वर्गण्यांच्या नोंदी पाहणे हेच माझे रोजचे काम होते. दोष असतो, परंतु तो बहुधा पुन्हा प्रयत्न करण्यात नसून त्या प्रयत्नांबद्दल ग्राहकाला जे कळवले जाते त्यात असतो, असे माझे मत झाले आहे.

पहिल्यांदा एक गैरसमज दूर करायला हवा. प्रयत्न चार झाले म्हणजे पैसे चार वेळा कापले गेले, असे नव्हे. नूतनीकरणाच्या दिवशी कंपनीची यंत्रणा ग्राहकाच्या बँकेकडे ‘एवढी रक्कम मंजूर आहे का’ अशी विचारणा पाठवते आणि बँक काही सेकंदांत होकार किंवा नकार कळवते. नकारासोबत दोन अंकांचा एक संकेतांक येतो, आणि पुढे काय करायचे हे त्या संकेतांकावर ठरते, निदान ठरायला हवे. ५१ याचा अर्थ खात्यात पुरेशी शिल्लक नाही. ४१ म्हणजे कार्ड हरवल्याची नोंद आहे, ४३ म्हणजे चोरीला गेल्याची, आणि १४ म्हणजे असा कार्ड क्रमांकच ग्राह्य नाही. ०५ हा संकेतांक मात्र आम्हा सगळ्यांच्या कपाळावर आठ्या आणत असे, कारण त्यातून ‘व्यवहार मान्य करू नये’ एवढेच कळते. का मान्य करू नये, हे बँक सांगत नाही.

शिल्लक नसणे हा तात्पुरता नकार आहे. आज नाही तर चार दिवसांनी पैसे येतील, म्हणून त्याच कार्डावर पुन्हा विचारण्यात अर्थ असतो. हरवलेले किंवा चोरीला गेलेले कार्ड हा कायमचा नकार आहे. तिथे शंभर वेळा विचारले तरी उत्तर बदलणार नाही. व्हिसाच्या नियमांनुसार ४१ आणि ४३ या नकारांनंतर त्या कार्डावर तोच व्यवहार पुन्हा पाठवायचाच नसतो, तर शिल्लक नसल्यासारख्या नकारांनंतर ३० दिवसांत जास्तीत जास्त १५ वेळा पाठवता येतो. म्हणजे रोज सकाळी उठून कार्ड खडखडवण्याची मुभा कोणत्याही कंपनीला नाही, आणि तसे करणे तिच्या हिताचेही नाही.

आता एक प्रकरण सांगते. त्यातले बारकावे मला अजून आठवतात, कारण त्या चार नोंदी माझ्या पडद्यावर एकाखाली एक दिसत होत्या आणि त्यांतली एकही खोटी नव्हती. वर्गणी दरमहा २७ तारखेला नूतनीकरणाला येत असे. आमच्या यंत्रणेचे वेळापत्रक ठरलेले होते: पहिला प्रयत्न फसला तर ३ दिवसांनी दुसरा, त्यानंतर ५ दिवसांनी तिसरा, त्यानंतर ७ दिवसांनी चौथा आणि अखेरचा. तो महिना ३० दिवसांचा होता. २७ तारखेला नकार आला, संकेतांक ५१. ३० तारखेला पुन्हा ५१. या ग्राहकाचा पगार १ तारखेला जमा होत असे, तेव्हा हे दोन्ही प्रयत्न महिन्यातल्या सर्वांत कोरड्या दिवसांत पडले होते. तिसरा प्रयत्न ५ तारखेला दुपारी झाला. त्याच दिवशी सकाळी त्यांच्या कर्जाचा हप्ता वळता झाला होता, म्हणून पुन्हा ५१. १ ते ४ या चार दिवसांत खात्यात पैसे होते, आणि नेमक्या त्याच दिवसांत आम्ही विचारलेच नाही. ९ तारखेला त्यांचे पाकीट हरवले आणि त्यांनी बँकेला कळवून कार्ड बंद करवले. १२ तारखेचा चौथा नकार आला तो ४१ घेऊन. त्या संध्याकाळी यंत्रणेने सदस्यत्व रद्द केले.

या पंधरा दिवसांत त्यांना आमच्याकडून चार संदेश गेले आणि चारही संदेशांत अक्षरशः एकच मजकूर होता: आपले पेमेंट अयशस्वी झाले आहे, कृपया कार्डाचा तपशील अद्ययावत करा. ग्राहकाने पहिला संदेश वाचून कार्ड काढून पाहिले. मुदत संपायला दोन वर्षे होती, क्रमांक बरोबर होता, तेव्हा ही कंपनीकडचीच काहीतरी गडबड असणार, असे समजून त्यांनी संदेश बाजूला ठेवला. त्यात त्यांचे काय चुकले? तपशील खरोखरच बरोबर होता. शिल्लक कमी पडली आहे, एवढे एक वाक्य लिहिले असते, तर १ तारखेला त्यांनी स्वतः जाऊन पैसे भरले असते. कार्ड बदलण्याची वेळ खरोखर आली ती चौथ्या संदेशाच्या वेळी, आणि तोवर त्या मजकुराकडे पाहणेही त्यांनी सोडून दिले होते.

हे वाचून कोणी म्हणेल, की मग नकाराचे कारण जसेच्या तसे ग्राहकाला कळवावे. तसे सरसकट करता येत नाही. कार्ड चोरीला गेले असेल आणि त्या कार्डावर सदस्यत्व घेणारा माणूसच चोर असेल, तर ‘हे कार्ड चोरीचे म्हणून नोंदले आहे’ असे त्याला कळवणे म्हणजे त्याला सावध करणे होय. म्हणून ४१ आणि ४३ यांच्या बाबतीत मोघम मजकूर लिहिण्याची पद्धत आहे आणि ती योग्यच आहे. ०५ च्या बाबतीत तर कंपनीलाच कारण माहीत नसते. तरीही संदेश दोन प्रकारचे निश्चितच करता येतात. एकात लिहावे, की या कार्डावर आम्ही अमुक तारखेला पुन्हा प्रयत्न करणार आहोत, तोवर खात्यात रक्कम ठेवा. दुसऱ्यात लिहावे, की या कार्डावर आम्ही पुन्हा प्रयत्न करणार नाही, दुसरे कार्ड द्या. दोन्हींत सेवा कोणत्या तारखेला बंद होईल, ते स्पष्ट असावे. या सगळ्या तारखा यंत्रणेत पहिल्या नकारापासूनच नोंदलेल्या असतात, त्या फक्त छापायच्या राहतात.

वेळापत्रकाबद्दलही थोडे लिहिते. ठरावीक ३, ५, ७ दिवसांच्या अंतराऐवजी, पूर्वी याच ग्राहकाची वर्गणी कोणत्या तारखांना वसूल झाली होती हे पाहून पुढचा प्रयत्न ठरवण्याची सोय आता अनेक यंत्रणांमध्ये आहे. आमच्या त्या प्रकरणात ती असती, तर २ तारखेच्या एकाच प्रयत्नात काम झाले असते. पण बऱ्याच ठिकाणी कोणीतरी एकदा भरून ठेवलेले आकडे वर्षानुवर्षे तसेच राहतात, कारण वसूल न झालेली वर्गणी अहवालात ‘ग्राहक सोडून गेला’ या रकान्यात जाते. जो मुळात गेलेलाच नाही, त्याची गणना गेलेल्यांत होते आणि कोणाला काही खटकत नाही.

नकार आणि रद्दीकरण यांच्यामधले हे दिवस आणखी एका कारणाने वादाचे ठरतात. या काळात सेवा चालू ठेवायची की नाही, हे प्रत्येक कंपनी आपापले ठरवते. ॲपलच्या ॲप स्टोअरवर वसुलीचे प्रयत्न ६० दिवसांपर्यंत चालू राहू शकतात, मात्र सेवा चालू ठेवण्याची सवलतीची मुदत ॲप बनवणाऱ्याला हवी असल्यास ३, १६ किंवा २८ दिवस एवढीच निवडता येते. त्या मुदतीत पैसे वसूल झाले तर नूतनीकरणाची मूळ तारीख कायम राहते. मुदत उलटून गेल्यावर वसूल झाले तर ज्या दिवशी वसूल झाले, तीच पुढची तारीख ठरते. हा नियम मला न्याय्य वाटतो, कारण बंद असलेल्या दिवसांचे पैसे त्यात द्यावे लागत नाहीत. सर्वत्र असे नसते. आमच्या त्या ग्राहकाने नवे कार्ड १४ तारखेला दिले. सदस्यत्व १२ लाच रद्द झालेले असल्याने त्यांचा नवा महिना १४ पासून सुरू झाला. तेच कार्ड त्यांनी ११ तारखेला दिले असते, तर जुने थकीत बिल वसूल झाले असते आणि महिना २७ पासूनच मोजला गेला असता. मधले सगळे दिवस आमच्याकडे सेवा चालू होती, म्हणून त्यात ग्राहकाचे नुकसान झाले नसते; पण जिथे पहिल्या नकारालाच दार बंद होते आणि तरीही महिना मूळ तारखेपासून मोजला जातो, तिथे ग्राहक न वापरलेल्या दिवसांचे पैसे भरतो. असे बिल दिसल्यास त्याने जरूर भांडावे.

पत्रलेखकाने असेही लिहिले होते, की दुसऱ्या नकारानंतर त्यांनी ‘रद्द करा’ हे बटण दाबले, तरी प्रयत्न थांबले नाहीत. इथे मात्र मी त्यांच्या बाजूने आहे. पुष्कळ ठिकाणी त्या बटणाचा अर्थ ‘पुढचे नूतनीकरण करू नका’ एवढाच असतो; ज्या महिन्याचे बिल निघालेले आहे ते थकीतच राहते आणि यंत्रणा ते वसूल करू पाहते. कंपनीच्या दृष्टीने ते तर्काला धरून असेल, पण बटण दाबणाऱ्याला हे कुठेही सांगितलेले नसते. थकीत बिल असताना कोणी रद्द करू लागले, तर ‘चालू महिन्याचे बिलही रद्द करायचे का’ असा प्रश्न त्याच पानावर विचारता येतो. हा बदल आम्ही एकदा करून पाहिला होता, आणि त्यानंतर तक्रारींच्या फायलीतला तो एक प्रकार जवळजवळ नाहीसा झाला.

पत्रलेखकांना आपल्या प्रकरणाचा छडा लावायचा असेल, तर त्यांनी कंपनीकडे चारही प्रयत्नांच्या तारखा आणि नकाराचा प्रकार लेखी मागावा, आणि त्या तारखा आपल्या बँकेच्या संदेशांशी ताडून पाहाव्यात. ‘रद्द करा’ दाबल्याच्या दिवशी त्यांचे बिल थकीत होते की मिटलेले, हे त्यावरून त्यांना दाखवता येईल.

आपली विश्वासू,
एक वाचक