लंपीत नुसतं वेगळं बांधून भागत नाही

संपादक महोदय,
निफाड-सिन्नरकडच्या लंपीची बातमी आपल्या पेपरात वाचली, त्यात आजारी जनावर वेगळं बांधा एवढंच दिलंय, ते बरोबर आहे पण अर्धवट आहे. हा आजार मुख्यतः चावणाऱ्या माश्या, डास, गोचिडांमुळे पसरतो, त्यामुळे ताप आणि गाठी आलेली गाय त्याच गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला बांधली तर माशी तिथून उठून शेजारच्या गाईवर बसणारच. गाय लांब हलवा, मच्छरदाणी लावा, तिचं खाणंपिणं, भांडी वेगळी ठेवा आणि तिचं काम सगळ्यात शेवटी करा. चावरी माशी ओल्या शेणात, कुजक्या चाऱ्यात अंडी घालते म्हणून शेण रोज लांब न्या, संध्याकाळी कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करा.
लंपीवर थेट औषध नाही. तापाचं औषध डॉक्टरांकडूनच घ्यावं, आपण मऊ हिरवा चारा, भरपूर पाणी द्यावं, जखमा पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने धुवून माशी बसू देऊ नये.
आणि दूध फेकू नका हो, लंपी माणसाला होत नाही, उकळून प्यायला हरकत नाही. फक्त अँटिबायोटिक चालू असेल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस ते दूध डेअरीला घालू नये, घरीही वापरू नये.

– एक दूध उत्पादक, नाशिक