टिप देणारा विकत असतो

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, तुम्ही पाठवलेली शेअरची टिप पाहिली. ‘सोमवारी बाजार उघडताच घ्या, महिन्यात डबल.’ नौपाड्यातल्या तुमच्या कट्ट्यावर दोघांनी घेतलाय, हे ठीक. पण मी बीएसईच्या साइटवर ती कंपनी उघडून बघितली. गेल्या तिमाहीत विक्री जवळपास शून्य. तरी शेअर रोज पाच टक्क्यांचं अपर सर्किट, म्हणजे दिवसभरात भाव वाढण्याची कमाल मर्यादा, गाठत 40 वरून 42, मग 44.10, मग 46.30 असा चढतोय.

अशा कंपनीचे बाजारात फिरणारे शेअर थोडेच असतात. ऑपरेटर ते आधी स्वस्तात गोळा करतो आणि आपल्याच माणसांत फिरवून भाव चढवतो. त्या काळात तुम्ही ऑर्डर लावली तरी माल मिळत नाही, कारण विकणारा कोणीच नसतो. मग एके दिवशी हवे तेवढे शेअर मिळायला लागतात. रोज दोन-तीन हजार शेअरचा व्यवहार व्हायचा, तो लाखांत जातो. नेमकी तेव्हाच ग्रुपवर टिप येते. तुम्हाला विकतंय कोण, एवढंच स्वतःला विचारा.

साधना ब्रॉडकास्टचं प्रकरण आठवतंय? जुलै 2022 मध्ये यूट्यूबवर व्हिडिओ आले की अदानी समूह ही कंपनी घेणार. सगळं खोटं. लोक तुटून पडले, भाव वाढला आणि त्या चढत्या भावात काही प्रवर्तकांनीच शेअर विकले. सेबीचा अंतरिम आदेश आला मार्च 2023 मध्ये. तोवर विकणारे विकून मोकळे झाले होते.

उतरताना उलटं होतं. लोअर सर्किट लागलं की ॲपमध्ये खरेदीच्या बाजूला पाचही ओळींत शून्य दिसतं आणि विक्रीच्या बाजूला लाखो शेअर रांगेत. ‘स्टॉपलॉस लावलाय, भाव पडला की आपोआप विकला जाईल’ म्हणून निश्चिंत राहू नका. घेणाराच नसेल तर तो ट्रिगर होऊन नुसता पडून राहतो.

तुम्ही बघण्यासारखं: कंपनीने एक्सचेंजला काय कळवलंय ते वाचा. ग्रुपवरची ‘मोठी ऑर्डर’ तिथे नसेल तर विषय संपला. शेअरहोल्डिंगमध्ये प्रवर्तकांचा हिस्सा घटतोय का तेही बघा, पण हा तक्ता तिमाहीला एकदाच येतो, म्हणजे तो चांगला दिसला तरी खात्री नाही. टिप देणारा सेबीचा नंबर दाखवत असेल तर सेबीच्या साइटवर त्या नंबरसमोरचं नाव आणि फोन जुळतोय का ते तपासा, कारण दुसऱ्याचा नंबर लावणारे खूप आहेत. आणि ठरावीक नफ्याची खात्री तर नोंदणी असलेल्यालाही देता येत नाही.

सोमवारी काही घेऊ नका. कट्ट्यावरच्या काकांना सांगा, आज खरेदीदार दिसताहेत तोवर विकता येतंय का बघा. आई, मुदत ठेवीची पावती तुझ्याच कपाटात ठेव, बाबा कितीही गोड बोलले तरी.

तुमची,
मनू