रोजच्या फोनबद्दल

ती. आई आणि बाबा,
सा. न.

हे फोनवर सांगायला गेले असते तर आईने मध्येच ‘बरं, जेवलीस का’ म्हटलं असतं आणि विषय संपला असता, म्हणून लिहिते आहे. या महिन्यापासून मी रोज रात्री नऊला फोन करणार नाही. बुधवार, शुक्रवार आणि रविवार, सकाळी अकराला करीन. ठरवलंय. आई, लगेच मनाला लावून घेऊ नकोस. काम वाढलेलं नाही, माझं काही दुखत नाही, आणि जावयांशी भांडणही नाही. बुधवारी-शुक्रवारी मी घरूनच काम करते, त्यामुळे अर्धा तास निवांत मिळतो. रात्री नऊला बाबा पेंगुळलेले असतात आणि तुझं अर्धं लक्ष दुधाच्या पातेल्यावर असतं.

आणि खरं सांगू का, तो फोन हजेरीचा झाला होता. गोळ्या घेतल्या? घेतल्या. शुगर किती? ठीक. मग बाबांचं ‘घे, आईशी बोल’. गोळ्यांचं आता आई सकाळी एका ओळीत लिहून पाठवेल, डब्याचा फोटो टाकला तरी चालेल. आपल्या बोलण्यात औषधं येणार नाहीत. तिथे खेळ येणार.

बाबा, हसू नका. दिवाळीत दादाने तुम्हाला ‘आज तारीख काय, परवा कोण आलं होतं’ असं विचारलं आणि तुम्ही ताटावरून उठलात. त्याच्यावर राग धरू नका, तो काळजीपोटीच विचारत होता. पण ज्याचं उत्तर विचारणाऱ्याला आधीच माहीत आहे आणि जे एकच असू शकतं, तो प्रश्न प्रेमाने विचारला तरी परीक्षाच असते. ‘आठवतंय का?’ हाही त्यातलाच. म्हणून पहिला नियम असा की विचारणाऱ्याला उत्तर माहीत नसावं, आणि चुकीचं उत्तर मुळी नसावंच. ‘कोणत्या साली?’ ऐवजी ‘कुठे बसायचात, सोबत कोण असायचं?’ साल निसटतं, पण ओटा, वास, सोबतीचा माणूस सहसा राहतो. त्यातही दहा ते तिशीच्या वयातलं माणसाला म्हातारपणीही जास्त आठवतं, त्यामुळे प्रश्न मी तिथलेच काढणार आहे.

दुसरा नियम, आधी उत्तर मी देणार. आर्थर एरन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एक प्रयोग छापला होता. अनोळखी माणसांच्या जोड्यांनी पाऊण तास एकमेकांना प्रश्न विचारायचे, हलक्यापासून हळूहळू खोल, आणि प्रत्येकाने स्वतःही उत्तर द्यायचं. नुसत्या हवापाण्याच्या गप्पा मारणाऱ्या जोड्यांपेक्षा या जोड्यांना जास्त जवळीक वाटली. आपण अनोळखी नाही, तेव्हा तो प्रयोग आपल्याला जसाच्या तसा लागू नाही. पण एकाने विचारत राहायचं आणि दुसऱ्याने सांगत राहायचं, याने जवळीक होत नाही, एवढं मी त्यातून उचललं.

गेल्या रविवारचंच बघा. मी म्हटलं, ‘इंदूरच्या सराफ्यात रात्री एकच गोष्ट खायला मिळणार असेल तर गराडू की भुट्ट्याचा कीस? माझं गराडू, वरचा मसाला नाकात जाईल इतका हवा.’ बाबा म्हणाले, ‘कीस.’ इथे मी दुसरा प्रश्न टाकला असता तर ती प्रश्नावलीच झाली असती. मी थांबले, मग म्हटलं, ‘कुणाबरोबर?’ आणि मग ते पागनीस काका निघाले, शेवटचा टेम्पो चुकला म्हणून मल्हारगंजपर्यंतची पायपीट निघाली, आजोबांनी न उघडलेली कडी निघाली. आई म्हणाली, ‘हे मला कधी सांगितलं नाही!’ एकाच प्रश्नावर वीस मिनिटं गेली. तेवढंच पुरे. एका फोनला दोन-तीन प्रश्नांच्या वर जायचं नाही. गुण तर नाहीतच, नाहीतर दादा वही काढेल.

त्याच दिवशी मी असंही म्हटलं की अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतली झांकी बघायला आपण राजवाड्यावर उभे राहायचो. ‘राजवाड्यावर कुठे गं? जेल रोडवर! तू माझ्या खांद्यावर झोपली होतीस, हुकुमचंद मिलची झांकी समोर आली तरी डोळा उघडला नाहीस.’ मग १९९१ ला मिल बंद पडल्यावरही कामगारांनी झांकी कशी सोडली नाही, तेही सांगितलंत. बाबा, जागा मला ठाऊक होती, मी मुद्दाम चुकीची सांगितली. चूक दुरुस्त करायला तुम्हाला किती आवडतं, हे मी बाराखडीपासून बघते आहे. आता खेळ तुम्हाला कळला, तेव्हा तुम्हीही मला खोटं सांगून बघा. मात्र ज्या गोष्टीत समोरच्याचीच खात्री डळमळीत आहे, तिथे हा खेळ करायचा नाही. तिथे तो टोचतो.

आई, आता तुझं काम. बाबा उत्तर देण्याआधी तुझ्याकडे बघू लागले, आवाज फोनपासून लांब गेला किंवा ‘बरोबर ना?’ म्हणाले, तर खेळाची परीक्षा झाली असं समज. तेव्हा तू उत्तर पुरवू नकोस, विषय बदल. एरवीही त्यांच्याऐवजी बोलण्याआधी मनात दहापर्यंत मोज. ऐकायला, मग शोधायला वेळ लागतो, आणि व्हिडिओवर आवाज उशिरा पोचतो तो वेगळाच. टीव्ही बंद, पंखा हळू, फोन स्टीलच्या डब्याला टेकवून उभा, कानाचं यंत्र आधीच लावलेलं. मी माझं बोलणं संपलं की ‘हं, बाबा’ म्हणेन, म्हणजे दोघं एकदम बोलणार नाही.

कुणालाही एखादा प्रश्न नको असेल तर नुसतं ‘पाताळपाणी’ म्हणायचं. का, ते विचारायचं नाही. अप्पांचा विषय मी काढणार नाही, तुम्हाला काढावासा वाटला तर मी ऐकीन. आणि चिनू ‘आजोबा, माझ्या टीचरचं नाव सांगा’ म्हणाली तर बिनधास्त पाताळपाणी. तिला तुम्हीच विचारत जा, ‘मी लहानपणी कशाला घाबरायचो, ओळख.’ तिचे अंदाज ऐकून तुमचा चहा सांडेल.

हा खेळ म्हणजे औषध नाही, बाबा, आणि तपासणीही नाही. तुमचं विसरणं मी फोनवर मोजणार नाही, शपथ. पण नेहमीच्या वाटेवर गोंधळ झाला किंवा गोळ्या दोनदा घेतल्या गेल्या, तर आईने लपवायचं नाही, दादाला घेऊन सरळ डॉक्टरांकडे जायचं. यात पाताळपाणी चालणार नाही.

अध्येमध्ये रात्री मला करमणार नाही आणि मी फोन करीनच, तेव्हा ‘आज कसा काय?’ म्हणून चिडवू नका. तुम्हीही वाटेल तेव्हा करा, ठरलेल्या दिवसाची वाट बघत बसू नका.

बुधवारचा प्रश्न आत्ताच देते, म्हणजे विचार करायला वेळ मिळेल. एका संध्याकाळपुरतं कुठलंही जुनं घर परत मिळालं, तर कुठलं, आणि आधी कुठल्या खोलीत जाल? माझं उत्तर रामबागेतलं, माडीवरची खोली, जिथे बाबांच्या शर्टांना इस्त्री व्हायची आणि मी गरम शर्टावर गाल टेकवायचे. आई, तुझं उत्तर स्वयंपाकघर असेल तर चालणार नाही, दुसरं शोध.

तुमची,
मनू