दहावी खिडकी

प्रिय अव्या,

इंग्लंडातल्या लडलोचे फोटो मिळाले. त्या विटांनी बुजवलेल्या खिडकीखाली तू लिहिलंयस की गाईड म्हणाला हे टॅक्समुळे, आणि पुढे मोठं प्रश्नचिन्ह. व्हॉट्सॲपवर दोन ओळीत सांगून संपवावं असा हा विषयच नाहीये, म्हणून सरळ पत्रच लिहायला बसलो. मी दिवसभर लोकांचे रिटर्न भरतो, टॅक्सची रेघ कुठे आखली की माणसं कुठे जाऊन उभी राहतात हे रोज बघतो, आणि त्याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण माझ्या मते हा खिडकी कर आहे. त्यातही लडलो गाव!

इंग्लंडात हा कर १६९६ साली तिसऱ्या विल्यमच्या काळात आला. त्याच्या आधी चुलीवर कर होता, घरात किती चुली ते मोजायचं आणि त्याप्रमाणे पैसे घ्यायचे. पण चुली मोजायला सरकारी माणूस थेट घरात शिरणार, खोल्याखोल्यातून फिरणार, ते लोकांना अजिबात सहन व्हायचं नाही, म्हणून १६८९ ला तो रद्दच करावा लागला. मग इन्कम टॅक्स का नाही लावला म्हणशील, तर कोणाचं उत्पन्न किती हे सरकारला कळण्याची तेव्हा काही सोयच नव्हती, आणि ते विचारणं म्हणजे पुन्हा घरात घुसणंच. खिडक्या रस्त्यावरून मोजता येतात. मोठं घर म्हणजे जास्त खिडक्या म्हणजे श्रीमंत माणूस, असा सरळ हिशोब. सुरुवातीला दर साधे होते, प्रत्येक घराला २ शिलिंग, १० ते १९ खिडक्या असतील तर एकूण ६, आणि २० किंवा जास्त असतील तर १०.

खरी गंमत १७४७ पासून सुरू होते. घरामागचे २ शिलिंग तसेच राहिले, पण वर खिडकीमागे दर आला. ९ खिडक्यांपर्यंत काही नाही. १० ते १४ असतील तर दर खिडकीला ६ पेन्स, १५ ते १९ ला ९ पेन्स, २० आणि त्याच्या पुढे १ शिलिंग म्हणजे १२ पेन्स. आता नीट बघ, हा दर फक्त नवव्याच्या पुढच्या खिडक्यांना नव्हता, सगळ्याच्या सगळ्या खिडक्यांना होता. म्हणजे ९ खिडक्यांच्या घराला खिडक्यांचे शून्य, आणि दहावी फोडली की १० गुणिले ६, म्हणजे ६० पेन्स, म्हणजे ५ शिलिंग दरवर्षी. त्या एकट्या दहाव्या खिडकीची किंमत ५ शिलिंग! त्याच्यापुढची अकरावी मात्र फक्त ६ पेन्सला. तसंच १४ खिडक्यांना ७ शिलिंग आणि १५ झाल्या की ११ शिलिंग ३ पेन्स. १९ ला १४ शिलिंग ३ पेन्स आणि २० ला थेट २० शिलिंग, म्हणजे पूर्ण एक पौंड.

आपल्या इन्कम टॅक्सच्या स्लॅबमधे असं होत नाही, तिथे रेघ ओलांडली की वरच्या तेवढ्याच रकमेला वरचा दर लागतो, हे मी क्लायंटला सांगून सांगून थकतो, पगारवाढ झाली तर हातात कमी येईल म्हणून घाबरणारे लोक अजून आहेत. रिबेटच्या ठिकाणी मात्र आपल्याकडेही तसाच कडा आहे, नव्या रेजीममधे १२ लाखांपर्यंत काही नाही आणि एक रुपया वर गेला की एकदम सगळा टॅक्स, म्हणूनच तिथे मार्जिनल रिलीफ ठेवावा लागतो, नाहीतर १२ लाख १० हजार मिळवणारा १२ लाखवाल्यापेक्षा गरीब झाला असता. १७४७ च्या कायद्यात असला रिलीफ कुठेच नव्हता.

मग लोकांनी काय केलं असेल सांग. वॉलेस ओट्स आणि रॉबर्ट श्वाब नावाच्या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १७४७ नंतरच्या दहाएक वर्षांच्या खिडकी कराच्या नोंदी काढून घरं मोजली, आणि त्या नोंदी कुठल्या गावच्या, तर लडलोच्याच, तू ज्या गल्ल्यांत फिरलास त्याच! कर नसता तर ८, ९, १०, ११ खिडक्यांची घरं हळूहळू कमी जास्त होत गेली असती, पण त्यांना घरांचे ढीग सापडले ते बरोबर ९ वर, १४ वर आणि १९ वर. आणि १०, १५, २० वर एकदम खड्डा. म्हणजे घराघरात बसून लोकांनी हाच हिशोब केला होता आणि एकेक खिडकी बुजवली होती. १७६६ ला सरकारनं रेघ खाली आणून ७ खिडक्यांपासून कर लावला, तर लगेच बरोबर ७ खिडक्यांची घरं खूप कमी झाली.

मला यातलं जे सगळ्यात जास्त टोचतं ते असं, की ज्यानं दहावी खिडकी बुजवली त्याच्याकडून सरकारला एक पेनीसुद्धा जास्तीची मिळाली नाही, आणि त्याच्या घरातली एक खोली मात्र कायमची अंधारी झाली. पैसे कोणाच्याच खिशात गेले नाहीत, नुकसान मात्र झालं, आणि ते सरकारच्या कुठल्याही वहीत लिहिलं जात नाही. कर किती गोळा झाला हे पानावर दिसतं, तो चुकवायला लोकांनी काय सोडलं ते दिसत नाही. लडलोच्या नोंदीत ते दिसतं म्हणून मला त्या कामाचं इतकं वाटतं.

सरकारही गप्प बसलं नव्हतं. तपासनीस यायच्या वेळेला फळ्या मारायच्या आणि तो गेला की काढायच्या असं लोक करायला लागले, मग कायद्यातच लिहिलं की दगड, वीट किंवा पट्ट्यांवरचा गिलावा करून पक्की बुजवली असेल तरच ती खिडकी बंद धरली जाईल, आणि न कळवता पुन्हा उघडली तर खिडकीमागे २० शिलिंग दंड. तू फोटो काढलास त्या विटा अशा आल्या. दूधदुभत्याच्या आणि चीजच्या खोलीला सूट होती, पण दारावर तसं लिहिलेलं पाहिजे, त्यामुळे खेड्यातल्या जुन्या घरांवर अजून कुठे कुठे डेअरी अशी अक्षरं दिसतात, पुढच्या वेळी लक्ष ठेव.

पण प्रत्येक बुजवलेली खिडकी टॅक्सचीच असं गाईडनं सांगितलं तर मानू नकोस. त्या काळच्या बिल्डरांना समोरची बाजू दोन्हीकडून सारखी दिसायला हवी असायची, म्हणून मागे धुराडं किंवा जिना असेल तिथे पहिल्यापासूनच नुसती खिडकीच्या आकाराची खोबण ठेवायचे. ओळखायचं असं की भरलेल्या विटांचे थर आजूबाजूच्या भिंतीच्या थरांत मिसळून गेले असतील तर ती खोटी खिडकी असण्याची शक्यता जास्त. विटांचा रंग-माप वेगळं असेल, कडेनं सरळ सांधा दिसत असेल, आत गेल्यावर खिडकीची चौकट किंवा झडपा शिल्लक असतील तर ती नंतर बुजवलेली. तरी ती टॅक्समुळेच बुजवली की आत कपाट करायला, हे नुसत्या भिंतीवरून कळत नाही, त्या घराची कराची नोंद मिळाली तरच कळतं.

गरिबांचं काय झालं ते सांगतो, कारण ९ खिडक्यांच्या आत कर नाही म्हणजे गरीब सुटले असं वरवर वाटतं. गावात सुटलेही असतील. पण शहरात एकेका मोठ्या इमारतीत कितीतरी बिऱ्हाडं भाड्यानं राहायची, आपल्या चाळीसारखंच, आणि कायद्यानं ती सगळी इमारत मिळून एक घर. कर भरायचा मालकानं. मग मालक जिन्यातल्या, बोळातल्या, मागच्या खिडक्या बुजवून टाकणार, आणि अंधार नि कोंदट हवा भाडेकरूच्या वाट्याला. १८४० च्या दशकात डॉक्टर आणि आरोग्य सुधारणावाले या कराविरुद्ध उठले ते म्हणूनच. १८५१ ला तो एकदाचा गेला, म्हणजे दीडशेहून जास्त वर्षं चालला!

मधे १७८४ मधे एक विलक्षण अदलाबदल झाली. चहावर तेव्हा ११९ टक्क्यांच्या आसपास कर होता आणि त्यामुळे चहाची तुफान चोरटी आयात चालायची. पंतप्रधान पिटनं तो कर एकदम साडेबारा टक्क्यांवर आणला, स्मगलिंगचा धंदाच बसला, आणि सरकारचं जे उत्पन्न बुडणार होतं ते भरून काढायला खिडकी कर वाढवला. चहा रात्री होडीतून उतरवता येतो, खिडकी लपवता येत नाही. आणि बिचारा माणूस फार तर ती बुजवेल.

पण जी गोष्ट बुजवताही येत नाही आणि सोडताही येत नाही तिच्यावर कर लावला तर? तिथे आपलं मीठ येतं. इंग्रजांच्या राज्यात मिठावरचा कर इलाख्याइलाख्यात वेगळा होता, बंगालकडे जबरदस्त, मुंबई-मद्रासकडे बराच कमी. मग स्वस्त मीठ महाग मुलखात जाणारच, ते अडवायला सरकारनं देशाच्या मधोमध जकातीची रेघ आखली. १८६९ च्या सुमाराला ती सिंधूपासून महानदीपर्यंत सुमारे २३०० मैल होती आणि तिच्यावर जवळजवळ १२ हजार माणसं पहाऱ्याला. शेकडो मैल तर चक्क काटेरी कुंपण लावलेलं, बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग, आणि हे जिवंत कुंपण तापीकाठच्या बुऱ्हाणपूरपर्यंत आलं होतं. ते वाढवण्यात सगळ्यात पुढाकार ॲलन ह्यूमचा, पुढे काँग्रेसच्या स्थापनेत होता तोच. तरी लोक कुंपणावरून गोण्या फेकायचे, फटी पाडायचे, टोळ्या करून घुसायचे, मारामाऱ्यांत माणसं मेली. ज्यांना ते जमत नव्हतं ते खारी माती धुऊन मीठ काढायचे, तेही बेकायदा. आणि जे काहीच करू शकत नव्हते ते कमी मीठ खायचे, गुराढोरांनाही पुरेसं द्यायचे नाहीत. इथेही ते नुकसान कुठल्याच हिशोबात नाही.

१८७९ ला ही रेघ उठवली, पण कशी, तर बंगालचा दर थोडा उतरवून आणि मुंबई-मद्रासचा चढवून, म्हणजे दोन्हीकडे फारसा फरक उरला नाही की चोरून न्यायचं कारणच संपलं. पहारा सुटला, खर्च वाचला, आणि आपल्या कोकणातल्या-देशावरच्या माणसाला मीठ महाग झालं. गोव्याचं मीठ स्वस्तात आत येऊ नये म्हणून १८७८ मधे पोर्तुगीजांशी करार करून तिथली मिठागरंसुद्धा इंग्रजांनी आपल्या ताब्यात घेतली. त्या गोव्याच्या मिठागरांवर बरंच लिहिण्यासारखं आहे पण त्याला वेगळं पत्र लागेल.

वहिनींना नमस्कार सांग, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सुहास