विषय: युनिट विक्रीच्या रकमेतून ७७३.४६ रुपये जादा एक्झिट लोड कापल्याबाबत

प्रति,
गुंतवणूकदार सेवा विभाग

महोदय,

१६ जून २०२५ रोजी सकाळी मी आपल्या इक्विटी योजनेतील १,२०० युनिट विकण्याची सूचना दिली. दुपारी तीनच्या आत दिल्यामुळे त्याच दिवसाची एनएव्ही, ८४.६० रुपये, लागू झाली. कॉन्ट्रॅक्ट नोटवर युनिट आणि भाव दोन्ही बरोबर आहेत. म्हणजे एकूण रक्कम १,०१,५२० रुपये.

१८ जूनला बँकेत १,००,५०३.७९ रुपये जमा झाले. पासबुकात फक्त जमा आकडा असतो, कपात कशाची ते कळत नाही. तुमच्या हेल्पलाइनवर विचारलं तर "बाजार खाली आला होता" असं उत्तर मिळालं. भाव कॉन्ट्रॅक्ट नोटवर छापलेला असताना हे उत्तर पटण्यासारखं नाही. म्हणून तुमचं खाते विवरण मागवलं. त्यात १.०१ रुपया एसटीटी आणि १,०१५.२० रुपये एक्झिट लोड दिसला. हा लोड सरळ १,२०० युनिटांवर १ टक्का लावलेला आहे.

चूक इथेच आहे. योजनेच्या माहितीपत्रकानुसार वाटपाच्या तारखेपासून एका वर्षाच्या आत विकलेल्या युनिटांनाच १ टक्का लोड आहे, आणि जे युनिट आधी घेतले तेच आधी विकले गेले असं धरायचं असतं. माझे ९१४.२५६ युनिट १४ मार्च २०२४ चे आहेत. त्यांना वर्ष उलटून तीन महिने झाले, त्यांना लोड लागत नाही. उरलेले २८५.७४४ युनिट २२ नोव्हेंबर २०२४ च्या खरेदीतले. त्यांच्यावरचा लोड मला मान्य आहे आणि तो २४१.७४ रुपये होतो. तेव्हा माझ्या खात्यात १,०१,२७७.२५ रुपये यायला हवे होते. फरक ७७३.४६ रुपयांचा, आणि हा आकडा जुन्या ९१४.२५६ युनिटांवरच्या १ टक्क्याशी पैशापर्यंत जुळतो. त्यामुळे ही पूर्णांकाची किंवा एसटीटीची तफावत नाही. सगळे युनिट तुमच्या प्रणालीने एकाच, नव्या तारखेचे धरले असावेत.

लोड कंपनीकडे राहत नाही, योजनेत परत जमा होतो, याची मला कल्पना आहे. पण तो माझ्याकडून घ्यायलाच नको होता. निवृत्तीनंतर हेच पैसे घरखर्चाला लागतात, आणि प्रत्येक जमेचा हिशेब मी पेन्सिलने खुणा करत स्वतः ताडून पाहते.

कृपया दोन्ही खरेदींनुसार वेगवेगळा लोड दाखवणारं सुधारित विवरण पाठवावं आणि ७७३.४६ रुपये, १८ जूनपासूनच्या व्याजासह, त्याच बँक खात्यात जमा करावेत. २१ दिवसांत निकाल न लागल्यास मी सेबीच्या स्कोअर्सवर तक्रार नोंदवणार आहे.

सोबत: कॉन्ट्रॅक्ट नोट, पासबुकाचं पान आणि दोन्ही खरेदींच्या नोंदी असलेलं खाते विवरण यांच्या प्रती.

आपली विश्वासू,
एक गुंतवणूकदार