‘संतुलित आहार आणि अभावजन्य रोग’ या कृतिपत्रिकेतील चुकांबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : सहावी-सातवीच्या विज्ञान कृतिपत्रिका संचातील चुकीचा आहार तक्ता, चुकीची उत्तरसूची, आणि संच बदलून मिळण्याबाबत.

महोदय,

मी कुडाळला घरी शिकवणी घेते. जूनमध्ये तुमचे 18 संच प्रत्येकी 120 रुपयांप्रमाणे 2160 रुपयांना घेतले. पैसे मुलांच्या पालकांनी दिले आहेत, म्हणून त्यांच्या वतीनेही लिहिते आहे.

आधी आहाराचा तक्ता. दुपारच्या जेवणात ‘भाजलेले शेंगदाणे, 30 ग्रॅम’ अशी ओळ आहे आणि तिच्यापुढे प्रथिने 25, स्निग्ध पदार्थ 49, कर्बोदके 16 ग्रॅम असे आकडे आहेत. माझ्या वर्गातल्या सहावीतल्या एका मुलीने तो तक्ता पाहून विचारले, “बाई, तीस ग्रॅम शेंगदाण्यांत एकोणपन्नास ग्रॅम तेल कसा मावतला?” तिन्ही आकड्यांची बेरीज 90 ग्रॅम होते. 30 ग्रॅमच्या मुठीत 90 ग्रॅम अन्न बसत नाही. हे आकडे 100 ग्रॅम शेंगदाण्यांचे आहेत. वजनाचा रकाना बदलला आणि बाकीचे रकाने तसेच राहिले, असे झालेले दिसते.

गंमत म्हणजे ऊर्जेच्या रकान्यात 180 किलोकॅलरी छापले आहे आणि तो आकडा 30 ग्रॅमचाच आहे. तुमच्याच पत्रिकेच्या पहिल्या पानावर दिलेला नियम लावा : प्रथिने आणि कर्बोदके यांच्या 1 ग्रॅमपासून 4, तर स्निग्ध पदार्थांच्या 1 ग्रॅमपासून 9 किलोकॅलरी. छापलेल्या आकड्यांवरून 100 अधिक 441 अधिक 64, म्हणजे 605 येतात. तेच 30 ग्रॅमचे खरे आकडे, म्हणजे प्रथिने साडेसात, स्निग्ध 15 आणि कर्बोदके 5 घेतले, तर 185 येतात, आणि ते तुमच्या 180 शी जुळतात. छपाईपूर्वी कोणी हा एवढा गुणाकार करून पाहिला असता, तर चूक तिथेच सापडली असती.

पुढची ओळ ‘एक वाटी वरण, प्रथिने 22 ग्रॅम’. हाही आकडा 100 ग्रॅम कोरड्या तूरडाळीचा आहे. वाटीभर वरणाला साधारण 30 ग्रॅम डाळ लागते, बाकी पाणी. म्हणजे प्रथिने 7 ग्रॅमच्या आसपास. या दोन चुका एकत्र आल्या की उत्तर उलटेच होते. तुमच्या तक्त्यात वरण आणि शेंगदाणे यांचीच प्रथिने 47 ग्रॅम होतात, आणि उत्तरसूची म्हणते, ‘प्रथिने दिवसाच्या गरजेपेक्षा जास्त’. 10 ते 12 वर्षांच्या मुलांना दिवसाला साधारण 32-33 ग्रॅम प्रथिने लागतात, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे प्रमाण आहे. या दोन पदार्थांतून खरी मिळतात ती साडेचौदा ग्रॅम, निम्म्याहूनही कमी. जे मूल घरी जाऊन “माझं जेवण पुरतं” असे सांगेल, त्याला ते कदाचित पुरत नसेल.

आता जोड्या लावा. रातांधळेपणा, स्कर्व्ही, मुडदूस आणि रक्तक्षय यांच्या जोड्या बरोबर आहेत, त्यांबद्दल तक्रार नाही. पण बेरीबेरीसमोर उत्तरसूचीत ‘जीवनसत्त्व ब1, उपाय : पॉलिश केलेला पांढरा तांदूळ’ असे आहे, आणि कारणाच्या ओळीत ‘तांदळात ब1 भरपूर असते’. ज्या अन्नामुळे हा रोग पसरला, तेच तुम्ही त्याचे औषध म्हणून छापले आहे.

ब1 तांदळाच्या दाण्यात असते खरे, पण ते मुख्यतः वरच्या कोंड्याच्या थरात आणि अंकुरात. पॉलिश करताना ते कोंड्याबरोबर निघून जाते. 1890 च्या दशकात जावा बेटावर डच डॉक्टर क्रिस्तियान आइकमन यांना हेच कोंबड्यांत दिसले. शिजवलेला पांढरा तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडत, आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या सुधारत. 1929 च्या नोबेल पारितोषिकात त्यांच्या या कामाचा वाटा होता.

आमच्या मुलांसाठी तर हे उत्तर घरातच आहे. इथे उकडा तांदूळ खातात. भात सालीसकट भिजवून, उकडून, वाळवून मग गिरणीत नेतात. उकडताना कोंड्यातले ब1 पाण्यावाटे दाण्याच्या आत उतरते, त्यामुळे पुढे कोंडा गेला तरी त्यातला बराचसा भाग दाण्यात राहतो. शिवाय पेज करताना पाणी फेकत नाहीत, आणि ब1 पाण्यात विरघळणारे आहे. माझ्या एका विद्यार्थ्याने उपायाच्या रकान्यात ‘उकड्या तांदळाची पेज’ लिहिले होते. तुमच्या सूचीप्रमाणे तपासले असते, तर त्याचा गुण कापावा लागला असता. मी तो दिला.

गलगंडापुढे उपाय म्हणून नुसते ‘मीठ’ आहे. शिरोड्याची मिठागरे आमच्याच जिल्ह्यात आहेत, आणि पुष्कळ घरांत खडे मीठ येते. समुद्राच्या मिठात आयोडीन जवळपास नसतेच, ते कारखान्यात मिसळावे लागते. म्हणून तिथे ‘आयोडीनयुक्त मीठ’ असेच छापायला हवे.

शेवटची गोष्ट मला सर्वांत जास्त खटकली. प्रत्येक जोडीखाली ‘एका ओळीत कारण लिहा’ असे आहे आणि नमुना उत्तर म्हणून दिले आहे : ‘गलगंड आयोडीनच्या अभावामुळे होतो, कारण शरीराला आयोडीन मिळत नाही.’ हे कारण नव्हे, तीच जोडी दुसऱ्यांदा लिहिलेली आहे. मी मुलांना एक युक्ती दिली आहे : ओळीतले रोगाचे आणि घटकाचे नाव बोटाने झाका. उरलेली ओळ कुठल्याही रोगाला चालत असेल, तर ती खोडा. तुमच्या उत्तरसूचीतल्या सातपैकी पाच ओळी या कसोटीत खोडाव्या लागल्या. कारणात त्या घटकाचे शरीरातले काम यायला हवे. गलगंडासाठी : ‘आयोडीनशिवाय थायरॉक्झिन बनत नाही, म्हणून ते जास्त बनवण्याच्या प्रयत्नात गळ्यातली अवटू ग्रंथी मोठी होते.’ बेरीबेरीसाठी : ‘कर्बोदकांतून ऊर्जा मोकळी करायला ब1 लागते, ते नसले की नसा आणि हृदय दुबळे पडते.’ सहावीचे मूल एवढे सहज लिहू शकते, माझ्या वर्गात लिहितात.

मी पुढील गोष्टी मागते. 18 संचांमधील आहार तक्त्याचे पान आणि उत्तरसूची दुरुस्त करून, छापील स्वरूपात, विनामूल्य पाठवावी. ज्या दुकानांत हा संच अजून विक्रीला आहे, तिथे शुद्धिपत्र पोहोचवावे. पुढच्या आवृत्तीत तक्त्याच्या डोक्यावर ‘100 ग्रॅम कच्चा पदार्थ’ की ‘वाढलेला पदार्थ’ हे स्पष्ट लिहावे. 15 दिवसांत दुरुस्त पाने आली नाहीत, तर संच परत घेऊन 2160 रुपये द्यावेत.

चुकलेल्या पानांच्या छायाप्रती आणि खरेदीची पावती सोबत जोडली आहे. मूळ पाने मी जपून ठेवली आहेत.

आपली ग्राहक,
विज्ञान शिक्षिका, कुडाळ, जि. सिंधुदुर्ग